रजेचे पैसे नाकारणारं पत्र: अर्ज नाकारू नका, दिवस वेगळे करा

प्रश्न: «मी एका कंपनीत एचआर मॅनेजर आहे. आमच्या एका सुपरवायझरने नोकरीत असतानाच रजा रोखीकरणाचा अर्ज केलाय. पॉलिसीत बसत नाही, त्यामुळे नाकारावा लागणार. पण माणूस जुना आहे, चिडलेलाही आहे. पत्र कसं लिहू म्हणजे त्याला कारण पटेल आणि पुढे आमच्या अंगाशी येणार नाही?»

पत्राची भाषा हा नंतरचा भाग. आधी «पॉलिसीत बसत नाही» हे कशाच्या आधारावर ठरलं, ते तपासा. माझ्या अनुभवात अशा अर्जांवर घाईने एकच शिक्का मारला जातो. खरं म्हणजे अर्जातला प्रत्येक दिवस वेगळ्या खात्यातून आलेला असतो आणि प्रत्येकाला लागणारा नियमही वेगळा असतो. काही दिवस कधीच रोख होणार नसतात, काहींची वेळ चुकलेली असते, आणि काही दिवस कंपनी खरोखर देणं लागत असते. या सगळ्यांना मिळून एका ओळीत नकार दिला की त्यातला देणं असलेला भागही नाकारला जातो. पुढे अंगाशी येतो तो हाच भाग.

तुमच्या अर्जाचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून मी हाताळलेलं एक प्रकरण आकडे थोडे बदलून मांडते. तोही सुपरवायझरच होता, सेवेत होता, आणि जुलै महिन्यात त्याने २२ दिवसांचे पैसे मागितले होते. अर्जात फक्त «२२ दिवस» एवढंच लिहिलेलं. त्याला समोर बसवून विचारलं तेव्हा हिशेब कळला. ७ दिवस गेल्या वर्षी न वापरलेल्या नैमित्तिक रजेचे, म्हणजे सीएलचे. ५ दिवस ३१ डिसेंबरला लॅप्स झालेल्या अर्जित रजेचे. आणि १० दिवस सध्या खात्यावर असलेल्या अर्जित रजेतले.

पॉलिसी काय म्हणत होती? अर्जित रजा वर्षाला २०, साठवता येणार जास्तीत जास्त ४५, त्यावरची ३१ डिसेंबरला बुडणार. सीएल पुढच्या वर्षात जात नाही आणि तिचे पैसे मिळत नाहीत. सेवेत असताना रोखीकरण वर्षातून एकदाच, अर्ज जानेवारीतच, आणि ३० दिवस खात्यावर ठेवून त्यावरच्या शिलकीतून जास्तीत जास्त १० दिवसांचं. शिवाय एक छोटं कलम होतं, जे सहसा कुणी वाचत नाही: कामाच्या निकडीमुळे नाकारलेली अर्जित रजा बुडणार नाही, ती ४५ च्या वर गेली तर तिचे पैसे दिले जातील.

सीएलचे ७ दिवस सरळ आहेत. अचानक उद्भवलेल्या कामासाठी दिलेली ही सवलत असते, ती साठत नाही, त्यामुळे नकार स्पष्ट. इथे एकच गोष्ट बघायची: मागे कुणाला सीएलचे पैसे दिलेत का? एखाद्या विभागात दोन-तीन वर्षं तसं चालत आलं असेल तर कागदावरचा नियम कितीही स्पष्ट असला तरी समोरचा माणूस त्या उदाहरणांवर बोट ठेवणार, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. आमच्याकडे तसं काही सापडलं नाही.

चालू शिलकीतल्या १० दिवसांचा नकार मात्र वेगळ्या जातीचा आहे. जुलैत त्याच्या खात्यावर ५३ दिवस होते, म्हणजे ३० ठेवूनही भरपूर शिल्लक होती. अडचण फक्त महिन्याची. जानेवारीत त्याने अर्ज केला असता तर १० दिवसांचे पैसे मिळाले असते. तेव्हा हा नकार «आत्ता नाही» असा आहे, «कधीच नाही» असा नाही, आणि पत्रात तो तसाच दिसला पाहिजे. ही ओळ राहून गेली की कर्मचारी समजतो आपली रजाच बुडाली. पत्र वाचून लोक सर्वात जास्त चिडतात ते बहुधा या गैरसमजामुळे. जानेवारीचीच अट का, हेही एका वाक्यात सांगावं: वर्षअखेरीला सगळ्यांची शिलकी एकदा गोठवून त्या रकमेची तरतूद केली जाते, म्हणून अर्ज त्यानंतर लगेच घेतात. कारण समजलं तर माणूस नियमाशी भांडतो, तुमच्याशी नाही.

आता ते ५ दिवस. रजेच्या नोंदीत दिसत होतं की ३१ डिसेंबरला शिल्लक ५०, त्यातले ५ लॅप्स, पुढच्या वर्षात गेले ४५. एवढंच पाहिलं तर नकार बरोबर वाटतो. पण लॅप्स का झाले, हा प्रश्न विचारायलाच हवा. मी नेहमी वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांतले अर्ज काढून बघते. या माणसाने ऑक्टोबरच्या सुरुवातीला नोव्हेंबरातल्या ५ दिवसांसाठी अर्ज केला होता. प्रणालीत त्याची स्थिती «मागे घेतला» अशी होती, «नामंजूर» अशी नव्हती.

ही खूण ओळखायला शिका. पुष्कळ विभागप्रमुख रजा नामंजूर करत नाहीत, कारण नामंजुरीचा आकडा त्यांच्या अहवालात दिसतो. ते माणसाला सांगतात, «सध्या काम खूप आहे, अर्ज काढून घे, नंतर बघू.» माणूस ऐकतो. नोंद राहते ती त्याने स्वतःहून अर्ज मागे घेतल्याची. दुसरा प्रकार म्हणजे अर्जावर कुणी काहीच करत नाही आणि तारीख उलटून गेली की तो आपोआप बंद होतो. दोन्ही ठिकाणी रजा प्रत्यक्षात नाकारलेलीच असते, फक्त कागदावर तो शब्द नसतो. म्हणून «नामंजूर» एवढंच शोधून थांबू नका. मागे घेतलेले आणि तसेच पडून राहिलेले अर्जही काढा, आणि कर्मचाऱ्याला विचारा की कुणी काय सांगितलं होतं. आमच्या माणसाकडे विभागप्रमुखाचा मेसेज होता: ऑडिट होईपर्यंत रजा नको. विभागप्रमुखांना विचारल्यावर त्यांनीही ते लगेच मान्य केलं. त्या पॉलिसीतल्या छोट्या कलमाप्रमाणे ५ दिवसांचे पैसे देणं भाग होतं.

पॉलिसीत असं कलम नसेल तर? मग कायद्याकडे पाहावं लागतं, आणि तो प्रत्येकाला सारखा लागत नाही. महाराष्ट्रातल्या दुकानं आणि आस्थापनांसाठीचा २०१७ चा कायदा २०२५ च्या दुरुस्तीपासून वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागतो, आधी ही संख्या दहा होती. त्यात अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, आणि पंधरा दिवस आधी मागूनही मालकाने रजा नाकारली तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. कारखान्यांसाठीच्या १९४८ च्या कायद्यात साठा ३० दिवसांचा होता, पण मागून न मिळालेली रजा मर्यादेशिवाय पुढे नेता येत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेनेही ही तरतूद ठेवली आहे. शिवाय या संहितेत कामगाराला वर्षअखेरीस मागणी करून रजेचे पैसे घेता येतात, आणि ३० दिवसांच्या वरची रजा रोख करण्याचा हक्क आहे.

म्हणूनच तुमचा सुपरवायझर कायद्याच्या अर्थाने «कामगार» आहे की नाही, हे पत्राआधी ठरवा. व्हिजिटिंग कार्डावरच्या हुद्द्यावरून हे ठरत नाही. तो रोज प्रत्यक्ष काय करतो, कुणाची रजा मंजूर करू शकतो का, त्याचा पगार किती, यावरून ठरतं. नव्या संहितेत देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस कामगारात धरत नाहीत. २०१७ च्या कायद्यातूनही व्यवस्थापकीय आणि देखरेखीची पदं वगळलेली आहेत. आमचा माणूस रीतसर देखरेखीवर होता, पगारही त्या मर्यादेच्या वर, म्हणून त्याच्या बाबतीत पॉलिसी आणि नेमणूकपत्र हेच आधार. पण तुमचा माणूस नावापुरता सुपरवायझर असेल आणि दिवसभर यंत्रावर काम करत असेल, तर «जास्तीत जास्त १० दिवस» अशी पॉलिसीची मर्यादा कायद्याच्या खाली जाते. तशा वेळी «पॉलिसीप्रमाणे नाकारलं» असं लिहून देणं म्हणजे कायदा न पाळल्याचा पुरावा स्वतःच्या सहीने देणं. शंका असेल तर पत्र दोन दिवस थांबवून कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.

नेमणूकपत्रही काढून वाचा. जुन्या लोकांच्या नेमणूकपत्रात कधी कधी आजच्या पॉलिसीपेक्षा चांगली अट असते. पॉलिसी मधे बदलली असेल तर बदल केव्हा झाला आणि कर्मचाऱ्यांना कसा कळवला, हेही बघा. कामगार वर्गातल्या लोकांच्या रजेच्या अटी त्यांच्या तोट्याच्या दिशेने बदलायच्या असतील तर २१ दिवसांची नोटीस लागते. नुसती पॉलिसीची नवी फाइल इंट्रानेटवर टाकून ते होत नाही.

एवढं झालं की पत्र जवळजवळ तयारच असतं. आम्ही पाठवलेलं पत्र साधारण असं होतं:

«विषय: रजा रोखीकरणाचा आपला १० जुलैचा अर्ज

आपण मागितलेल्या २२ दिवसांपैकी ५ दिवसांचे पैसे जुलैच्या पगारासोबत आपल्या खात्यात जमा होतील. उरलेल्या १७ दिवसांचे पैसे सध्या देता येणार नाहीत. प्रत्येक भागाचे कारण खाली देत आहे.

गेल्या वर्षीची नैमित्तिक रजा, ७ दिवस: रजा धोरणाच्या कलम ५.३ नुसार ही रजा पुढील वर्षात जात नाही आणि तिचे रोखीकरण होत नाही. त्यामुळे ही मागणी मान्य करता येत नाही.

३१ डिसेंबर रोजी ४५ दिवसांच्या मर्यादेपलीकडे गेलेली अर्जित रजा, ५ दिवस: आपण नोव्हेंबरातील ५ दिवसांसाठी वेळेत अर्ज केला होता आणि कामाच्या निकडीमुळे ती रजा आपल्याला मिळू शकली नाही, हे आम्ही तपासले आहे. कलम ६.४ नुसार या ५ दिवसांचे पैसे आपल्याला देय आहेत.

सध्याच्या शिलकीतील अर्जित रजा, १० दिवस: कलम ६.२ नुसार सेवेत असताना रोखीकरणाचे अर्ज फक्त जानेवारीत घेतले जातात. आपला अर्ज जुलैचा असल्याने तो आत्ता मान्य करता येत नाही. हे दिवस आपल्या खात्यावर कायम आहेत. आज आपली शिल्लक ५३ दिवस आहे. आपण ही रजा घेऊ शकता, किंवा येत्या जानेवारीत कलमातील मर्यादेत रोखीकरणासाठी अर्ज करू शकता. ३१ डिसेंबर रोजी शिल्लक ४५ दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास वरची रजा बुडेल, याकडे कृपया लक्ष द्यावे.

आपल्या रजेच्या नोंदींची प्रत सोबत जोडली आहे. त्यातील एखादी नोंद चुकीची वाटल्यास किंवा आणखी एखादी रजा नाकारली गेली असल्यास १५ दिवसांत माझ्याकडे कळवावे. नोंदी पुन्हा तपासून लेखी उत्तर देईन.»

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. पहिल्याच परिच्छेदात आकडे आहेत: काय मिळणार, किती नाही. चिडलेला माणूस पहिल्या चार ओळी वाचतो आणि पुढचं अर्धवट. सुरुवातीला «आपल्या दीर्घ सेवेची कंपनीला जाण आहे» वगैरे लिहिलं की तो ओळखतो की पुढे नकार येतोय, आणि ती जाण त्याला खोटी वाटते. जुन्या माणसाचा मान राखायचा असेल तर त्याचा हिशेब बारकाईने मांडा, तो मान त्याला दिसतो.

५ दिवसांसाठी «देय आहेत» असं लिहिलंय. अनेक जण इथे «विशेष बाब म्हणून» किंवा «सहानुभूतीपूर्वक» लिहितात. तसं लिहू नका. जे नियमाने मिळतंय त्याला मेहरबानीचं रूप दिलं की पुढचा प्रत्येक जण विशेष बाब मागायला येतो, आणि या माणसाच्या हक्काचाही अपमान होतो.

विभागप्रमुखांचं नाव पत्रात नाही. रजा मिळाली नाही ही वस्तुस्थिती पुरेशी आहे, दोष कुणाचा हे लिहायची ती जागा नाही. पण पत्र जाण्याआधी त्यांना सांगा, नाहीतर त्यांना ते कर्मचाऱ्याच्या तोंडून कळतं आणि पुढच्या वेळी ते तुम्हाला खरं सांगणार नाहीत.

«व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार» हे शब्द पत्रात कुठेही येऊ देऊ नका. निर्णय कलमाने झालाय, तर कलमाचा क्रमांक द्या आणि त्याचा अर्थ साध्या मराठीत लिहा. तसंच «पुढे विचार केला जाईल» हेही नको. एक तर जानेवारीत अर्ज करता येतो असं ठाम लिहा, नाहीतर काहीच लिहू नका. हे मोघम वाक्य कर्मचारी पुढे वचन म्हणून धरतो, आणि तो चुकत नाही.

पैशाचा दर कोणता धरायचा, यावर आमच्या पेरोलशी थोडी चर्चा झाली. धोरणात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची बेरीज भागिले ३० असं होतं, पण कोणत्या तारखेचं वेतन हे लिहिलेलं नव्हतं. पेरोलने डिसेंबरचं वेतन धरलं होतं. मी जुलैचं धरायला सांगितलं, कारण मधे एप्रिलची वाढ झाली होती आणि ही रक्कम जानेवारीत न मिळण्यात कर्मचाऱ्याची काही चूक नव्हती. धोरण गप्प असेल तिथे कर्मचाऱ्याच्या बाजूने वाचा. पाच दिवसांच्या फरकाची रक्कम लहान असते, पण तो फरक कापलेला लक्षात आला तर तुमच्या बाकीच्या हिशेबावरचाही विश्वास जातो.

आणि पत्र हातात देण्याआधी त्या माणसाशी बोला, त्याच दिवशी. टेबलावर रजेच्या नोंदीची प्रिंट ठेवा आणि तिन्ही भाग त्याच्याबरोबर मोजा. बोलणं आणि पत्र यांत आकड्याचा फरक नको. आमच्या माणसाला सीएलचा नकार लगेच पटला. जानेवारीच्या अटीवर तो बराच वेळ अडून बसला, आणि मग म्हणाला, «मॅडम, मला पैसे आत्ता लागतायत, म्हणून तर अर्ज केला.» मला वाटतं वर्षाच्या मधेच येणाऱ्या रोखीकरणाच्या अर्जांमागे पुष्कळदा हेच असतं. रोखीकरण शक्य नव्हतं, पण आमच्याकडे पगारावरची उचल देण्याची सोय होती, त्याचा फॉर्म तिथेच भरून घेतला. तुमच्याकडे अशी सोय असेल तर तोंडी सांगा. पत्रात मात्र ती घालू नका, नकाराच्या बदल्यात दिल्यासारखी वाचली जाते. सोय नसेल तर आशा दाखवू नका.

तो पत्र घेऊन उठला तरी चिडलेलाच असेल, हे गृहीत धरा. सहीसाठी आग्रह करताना «मान्य आहे» असं लिहून घेऊ नका, «पत्र मिळाले» एवढंच पुरे. नकार मान्य करण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि तशी सही घेतली तर ती पुढे दबावाखाली घेतली असं म्हटलं जातं. सही द्यायला नकार दिला तर पत्र ई-मेलने पाठवा आणि ते केव्हा पाठवलं याची नोंद ठेवा.

फाइलमध्ये पत्राबरोबर रजेच्या नोंदी, ऑक्टोबरचा तो अर्ज, विभागप्रमुखांशी झालेल्या बोलण्याची लेखी टीप आणि त्या दिवशी लागू असलेल्या पॉलिसीची प्रत ठेवा. पॉलिसीची प्रत विशेष करून, कारण दोन वर्षांनी हा माणूस राजीनामा देईल, फुल अँड फायनलच्या वेळी हेच ७ दिवस पुन्हा मागेल, आणि तोवर इंट्रानेटवर नवी पॉलिसी आलेली असेल. पेरोलला स्वतंत्र सूचना द्या की ५ दिवस दिले गेले आहेत, म्हणजे तेव्हा ते दुसऱ्यांदा मोजले जाणार नाहीत. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याची शिल्लक बघून त्याला एक मेल करा: जानेवारीचा फॉर्म कधी उघडतो, आणि ४५ च्या वर किती दिवस जातायत.